टाइप २ ओडोन्टॉइड फ्रॅक्चर : कॉलर, हेलो की फ्युजन, हे कोणत्या क्रमाने ठरवायचं

रात्रपाळीच्या रेसिडेंटचा फोन बहुतेक वेळा असा येतो : "सर, टाइप टू ओडोन्टॉइड आहे. हेलो लावायचा का?" यात पेशंटचं वय नाही. तुकडा किती आणि कुठे सरकलाय, फ्रॅक्चरची रेष कोणत्या दिशेने जाते, लिगामेंट शाबूत आहे का, यातलं काहीच नाही. उपचार मात्र ठरलेला. नाव कळलं की उपचार कळला, हा समज मानेच्या वरच्या भागात सगळ्यात जास्त घोटाळे करतो. एकाच टाइप २ फ्रॅक्चरला चाळिशीत समोरून स्क्रू, पासष्टीत मागून फ्युजन आणि ब्याऐंशीत साधी हार्ड कॉलर, ही तिन्ही उत्तरं बरोबर असू शकतात.

खालचा क्रम ऑर्थो आणि न्यूरोसर्जरीच्या रेसिडेंटांसाठी आणि कॅज्युअल्टीत असे पेशंट पहिल्यांदा बघणाऱ्या डॉक्टरांसाठी आहे. टप्पे पुढेमागे करू नका. चुका बहुतेक तिथेच होतात.

## १. स्कॅनच्या आधी : संशय घ्या आणि मान आहे तशी धरा

तरुणांमध्ये हे फ्रॅक्चर मोटारसायकलच्या अपघातात किंवा उंचावरून पडून होतं आणि त्यांचा सीटी होतोच. निसटतात ते म्हातारे पेशंट. बाथरूममध्ये किंवा अंगणात घसरून तोंडावर पडतात, कपाळाला खोक पडते, टाके घालून त्यांना घरी पाठवलं जातं. कपाळावर आपटताना मान मागे झुकते आणि ठिसूळ डेन्स बुडाशी तुटतो. म्हणून पासष्टीच्या पुढचा माणूस पडला, कपाळावर जखम आहे आणि मान दुखतेय, तर साध्या एक्स-रेवर समाधान मानू नका, सीटी करा. कॅनेडियन सी-स्पाइन नियमातही ६५ किंवा त्याहून जास्त वय हे एकटंच इमेजिंगसाठी पुरेसं कारण आहे.

आणखी एक खूण बघून ठेवा. पेशंट खाटेवरून उठताना स्वतःचं डोकं दोन्ही हातांनी धरून उठत असेल, तर वरच्या मानेत काहीतरी सुटं आहे असं समजूनच चाला.

हातापायांत ताकद चांगली आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. सी-१ च्या कड्यात साधारण एक तृतीयांश जागा डेन्सची, एक तृतीयांश मज्जारज्जूची आणि एक तृतीयांश मोकळी असते. या मोकळ्या जागेमुळे हॉस्पिटलपर्यंत पोचलेल्या बहुतेक पेशंटांत न्यूरोलॉजी नॉर्मल सापडते.

इशारा : पाठीला पोक असलेल्या म्हाताऱ्या माणसाला उशी काढून सपाट झोपवलं की डोकं मागे पडतं आणि मागे सरकलेला तुकडा आणखी मागे जातो. डोक्याखाली चादरीची घडी ठेवून मान त्याच्या नेहमीच्या स्थितीत आणा. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसच्या पेशंटची मान कॉलरच्या मापात बसवण्यासाठी कधीही सरळ करू नका.

## २. सीटी वाचण्याचा क्रम

१ मिलिमीटरच्या आसपासचे पातळ स्लाइस आणि सॅजिटल, कोरोनल रिकन्स्ट्रक्शन हवंच. बुडाशी आडवी गेलेली रेष नुसत्या ॲक्सिअल चित्रांत सहज हुकते, कारण स्लाइस आणि रेष एकमेकींना समांतर असतात.

आधी फ्रॅक्चर नवं आहे का ते बघा. नव्या फ्रॅक्चरच्या कडा धारदार असतात. कडा गुळगुळीत, पांढऱ्या, गोलाकार असतील आणि सी-१ ची पुढची कमान जाड झाली असेल, तर तो जुना नॉनयुनियन किंवा ओएस ओडोन्टॉइडियम असू शकतो. शंका असेल तर एमआरआयच्या स्टर चित्रांत हाडातली सूज शोधा. हे न तपासता जुन्या नॉनयुनियनमध्ये समोरून स्क्रू घातला, तर तो निकामी ठरण्याचीच शक्यता जास्त. लहान मुलांमध्ये डेन्स आणि सी-२ च्या धडामधली वाढीची रेष साधारण सहा वर्षांपर्यंत दिसू शकते, तिला फ्रॅक्चर म्हणू नका.

मग मधल्या सॅजिटल चित्रावर दोन मापं घ्या. सी-२ च्या धडाच्या मागच्या कडेची रेघ वर वाढवा. तुटलेल्या तुकड्याची मागची कड त्या रेघेपासून किती मिलिमीटर पुढे किंवा मागे आहे, ते सरकणं. दोन्ही मागच्या कडांमधला कोन, ते झुकणं. केस पेपरवर "डिस्प्लेस्ड" एवढंच लिहू नका. "४ मिमी मागे, ८ अंश" असं लिहा. दोन आठवड्यांनी तुलना करायची ती याच आकड्यांशी.

शेवटी आजूबाजूला नजर टाका : सी-१ चं कडं तुटलंय का, सी-२ चे सांधे, आणि फ्रॅक्चर धमनीच्या छिद्रात शिरलंय का. शिरलं असेल तर सीटी अँजिओ करा.

## ३. प्रकार ठरवा, पण तिथे थांबू नका

अँडरसन आणि डी'अलोन्झो यांनी १९७४ मध्ये दिलेलं वर्गीकरण आजही वापरात आहे. टाइप १ म्हणजे डेन्सच्या टोकाचा तुकडा, टाइप २ म्हणजे डेन्स धडाला मिळतो त्या बुडाचं फ्रॅक्चर, आणि टाइप ३ म्हणजे रेष धडात उतरलेली.

टाइप १ दुर्मिळ आहे आणि त्याला "किरकोळ" म्हणून सोडून देणं धोक्याचं. टोकाला चिकटलेलं लिगामेंट कवटीकडे जातं, त्यामुळे तो तुकडा कवटी आणि सी-१ मधला सांधा निखळल्याची एकमेव खूण असू शकतो. तो सांधा नीट तपासल्याशिवाय कॉलर लावून घरी पाठवू नका.

टाइप ३ ला धडातलं स्पंजी, रक्तपुरवठा असलेलं हाड मिळतं. फार सरकलेलं नसेल तर ते कॉलरमध्ये सहसा जुळतं.

खरा वाद टाइप २ चा. बुडाशी हाडाचा आडवा छेद लहान, कवच जाड आणि आत स्पंजी हाड कमी. वर तुकडा लिगामेंटांनी डोक्याशी बांधलेला, त्यामुळे डोकं हललं की तोही हलतो.

टाइप २ आणि ३ मध्ये गोंधळ होत असेल तर ग्राउअर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दिलेली कसोटी लावा : रेष सी-२ च्या वरच्या सांध्याच्या पृष्ठभागात गेली तर टाइप ३, नाही गेली तर टाइप २. धडात किंचित उतरलेल्या रेषेला टाइप ३ म्हणून "हे जुळेल" असं घरच्यांना सांगणं ही नेहमीची चूक आहे.

त्याच वर्गीकरणात टाइप २ चे तीन भाग आहेत आणि ते थेट ऑपरेशनशी जोडलेले आहेत :

- २ए : आडवी रेष, सरकणं १ मिमीपेक्षा कमी, चुरा नाही. बाहेरून आधार.
- २बी : रेष पुढून-वरून मागे-खाली उतरते, किंवा आडवी आहे पण तुकडा सरकलाय. हाड चांगलं असेल तर समोरून स्क्रू शक्य.
- २सी : रेष पुढून-खालून मागे-वर चढते, किंवा बुडाशी चुरा आहे. समोरून स्क्रू नको.

दिशेचं एवढं महत्त्व का, ते कागदावर रेघा ओढून बघा. समोरचा स्क्रू सी-२ च्या पुढच्या खालच्या कडेतून वर आणि थोडा मागे जातो. २बी मध्ये तो रेषेला जवळजवळ काटकोनात भेटतो, आवळला की तुकडा धडावर दाबून बसतो. २सी मध्ये स्क्रू आणि रेष जवळपास समांतर, त्यामुळे आवळला की तुकडा उतारावरून पुढे घसरतो.

## ४. लिगामेंट तपासा

सी-१ ला डेन्सशी बांधून ठेवणारं ट्रान्सव्हर्स लिगामेंट शाबूत असेल, तर तुटलेला डेन्स आणि सी-१ एकत्र सरकतात. अशा वेळी सी-१ ची पुढची कमान आणि डेन्स यांच्यातलं अंतर नॉर्मलच राहतं. फ्रॅक्चर आहे आणि शिवाय हे अंतरही वाढलंय (मोठ्या माणसात एक्स-रेवर ३ मिमीपेक्षा जास्त), तर लिगामेंटही गेलंय असं धरा आणि एमआरआयवर खात्री करा.

लिगामेंट गेलं असेल तर डेन्स कितीही सुबक जोडला तरी सी-१ सुटाच राहतो. समोरच्या स्क्रूचा पर्याय तिथेच संपतो आणि उत्तर सहसा मागून सी-१–सी-२ फ्युजन असतं.

तपासा : इथपर्यंत तुमच्या कागदावर पाच गोष्टी असायला हव्यात : नवं की जुनं, सरकणं, झुकणं, रेषेची दिशा, लिगामेंट. एकही राहिली असेल तर पुढे जाऊ नका.

## ५. हे हाड जुळेल का?

नॉनयुनियनची शक्यता वाढवणारी कारणं मोजकी आहेत : ५ मिमी किंवा जास्त सरकणं, १० अंशांपुढचं झुकणं, बुडाशी चुरा, उशिरा झालेलं निदान, तंबाखू आणि सिगारेट, आणि सगळ्यांत वजनदार म्हणजे वय. लेनार्सन आणि सहकाऱ्यांच्या २००० सालच्या अभ्यासात हेलोमध्ये ठेवलेल्या टाइप २ च्या पेशंटांपैकी ५० वर्षं आणि त्यावरच्यांत न जुळण्याचा धोका २१ पट आढळला.

यातून "म्हातारा आहे म्हणजे ऑपरेशनच" असा सरळ निष्कर्ष निघत नाही. "हाड जुळणं" आणि "मान स्थिर असणं" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. चाळिशीच्या माणसाला पुढची चाळीस वर्षं काढायची आहेत, त्याच्यात हाडाचाच पूल हवा. ऐंशीच्या पुढच्या, दिवसभर घरात वावरणाऱ्या माणसात मधे तंतूमय ऊती भरून तुकडा न हलता बसला, दुखणं थांबलं, तर ते पुष्कळ झालं.

## ६. पर्याय निवडा

### हार्ड कॉलर

२ए, बहुतेक टाइप ३, आणि ज्यांना भूल झेपणार नाही असे वयस्क. मऊ स्पंजाची पट्टी मानेला काहीच धरून ठेवत नाही, ती देऊ नका. हनुवटी आणि डोक्याचा मागचा भाग दोन्ही धरणारी दोन तुकड्यांची कॉलर हवी, साधारण १२ आठवडे, रात्रंदिवस.

झोपून केलेल्या सीटीत तुकडा जागेवर दिसतो आणि पेशंट बसला की सरकतो, हे विसरलं जातं. म्हणून कॉलर घालून बसवून एक लॅटरल एक्स-रे काढा आणि तो बघितल्यावरच घरी सोडा.

कॉलरचा शत्रू म्हणजे त्वचा. हनुवटी, डोक्याची मागची बाजू आणि गळपट्टीचं हाड इथे रोज बघायला घरच्यांना शिकवा. पेशंट आडवा, एकाने डोकं धरायचं, दुसऱ्याने पुढचा भाग काढून पुसायचं.

### हेलो

तरुण, टाइप २, सरकणं कमी किंवा ओढ देऊन जागेवर आलेलं, आणि ऑपरेशन नको असलेला किंवा करता न येणारा पेशंट. आता ही जागा अरुंद झाली आहे. पासष्टीच्या पुढे मी हेलो टाळतो. छातीवरचं जाकीट श्वास आणि खोकला अडवतं, गिळताना ठसका लागतो, तोल जातो, आणि न्युमोनिया गाठतो.

लावायचाच असेल तर पुढच्या पिना भुवईच्या बाहेरच्या एक तृतीयांश भागावर, साधारण १ सेंटीमीटर वर, आणि कवटीच्या सर्वांत रुंद घेराच्या खाली. त्याच्या आतल्या बाजूला नस आणि सायनस, बाहेरच्या बाजूला चावण्याचा स्नायू. पिना घालताना पेशंटला डोळे घट्ट मिटायला सांगा, नाहीतर कातडी वर ओढलेल्या स्थितीत अडकते आणि पापण्या पुऱ्या मिटत नाहीत. मोठ्या माणसात ८ इंच-पाउंड टॉर्क, आणि २४ ते ४८ तासांनी एकदा पुन्हा तेवढाच आवळायचा.

इशारा : जाकीट सोडवायचा पाना जाकिटालाच चिकटवून ठेवा. हृदय बंद पडलं तर तो शोधायला वेळ नसतो.

### समोरून स्क्रू

२बी, नवं फ्रॅक्चर, चांगलं हाड, शाबूत लिगामेंट, आणि टेबलावर तुकडा जागेवर आलेला. यातली शेवटची अट सगळ्यात जास्त मोडली जाते. स्क्रू तुकडा धरतो, जागेवर आणत नाही. फायदा मोठा आहे : सी-१–सी-२ मधलं वळणं वाचतं.

ऑपरेशन सुरू करण्याआधी एक लांब वायर मानेच्या कडेला, स्क्रूच्या मार्गाने धरून सी-आर्मवर लॅटरल बघा. पिंपासारखी छाती किंवा आखूड मान असेल तर ड्रिलचा दांडा छातीवर अडतो आणि तो कोन मिळतच नाही. हे चिरा देण्याआधी कळलेलं बरं. स्क्रूचे सगळे आटे फ्रॅक्चरच्या पलीकडे गेले पाहिजेत, नाहीतर दाब येत नाही. वयस्कांत या मार्गाने गिळण्याचा त्रास आणि ठसका नेहमीचाच, शिवाय ठिसूळ हाडात स्क्रू कापत सुटतो.

### मागून सी-१–सी-२ फ्युजन

२सी, लिगामेंट गेलेलं, जास्त सरकलेलं, नॉनयुनियन, आणि भूल झेपू शकणारे बहुतेक वयस्क. सी-१ च्या लॅटरल मासमध्ये आणि सी-२ मध्ये स्क्रू घालून जोडण्याची पद्धत मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या अतुल गोयल आणि लाहेरी यांनी १९९४ मध्ये प्लेट वापरून प्रसिद्ध केली. हार्म्स आणि मेल्चर यांनी २००१ मध्ये तिचं रॉडचं रूप मांडलं. आज बहुतेक ठिकाणी हीच वापरतात.

आदल्या दिवशी सीटीवर दोन्ही बाजूंना व्हर्टिब्रल धमनीचा मार्ग मोजा. ती सी-२ मध्ये वर आणि आत चढलेली असेल तर त्या बाजूला नेहमीचा स्क्रू बसणार नाही. लॅमिनातून किंवा आखूड स्क्रूची तयारी आधीच ठेवा. आणि स्क्रू म्हणजे फ्युजन नाही : पृष्ठभाग खरवडून हाडाचा ग्राफ्ट नीट बसवा, नाहीतर काही महिन्यांनी रॉड तुटून परत येतो.

मान वळवण्याचा जवळपास निम्मा भाग सी-१–सी-२ मध्ये असतो. तो जाणार, हे आधी सांगा. स्कूटर चालवणाऱ्याला मागे बघायला अख्खं अंग वळवावं लागेल.

## ७. एक केस, पूर्ण

नेहमी भेटणाऱ्या पेशंटांवरून रचलेलं उदाहरण घेऊ. ८२ वर्षांचे आजोबा, अंगणात घसरून कपाळावर पडले. टाके घालून घरी पाठवले. पाचव्या दिवशी मुलगा घेऊन आला : "बाबा उठताना डोकं हातात धरतात." जुना दमा-सीओपीडी, हृदयाचं पंपिंग ३५ टक्के. सीटीवर टाइप २, रेष २बी दिशेची, ४ मिमी मागे, ८ अंश, चुरा नाही. एमआरआयवर हाडात सूज, लिगामेंट शाबूत, मज्जारज्जू ठीक.

रेषेवरून समोरचा स्क्रू सुचतो. पण हाड ठिसूळ, छाती पिंपासारखी, गिळण्याचा धोका. तो बाद. हेलो या फुफ्फुसांना नको. उरलं मागून फ्युजन आणि कॉलर. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एओस्पाइन नॉर्थ अमेरिकाच्या अभ्यासात ६५ आणि त्यावरच्या १५९ पेशंटांत ऑपरेशन झालेल्यांची वर्षभरानंतरची मानेची स्थिती जास्त चांगली होती. पण कोणाला ऑपरेशन द्यायचं हे तिथे चिठ्ठी टाकून ठरलेलं नव्हतं, आणि असं हृदय घेऊन पालथं झोपवायचं हा वेगळाच प्रश्न. भूलतज्ज्ञांनी धोका फार जास्त सांगितला. कॉलर घालून बसवून काढलेल्या एक्स-रेत सरकणं ४ मिमीच राहिलं. कॉलर ठरली.

हेच आजोबा ६६ वर्षांचे आणि धडधाकट असते तर मी मागून फ्युजन सुचवलं असतं. चाळिशीचा माणूस असता आणि टेबलावर तुकडा जागेवर आला असता, तर समोरून स्क्रू.

## ८. पाठपुरावा

बसलेल्या स्थितीतला लॅटरल एक्स-रे २ आणि ६ आठवड्यांनी, सीटी १२ आठवड्यांनी. सरकणं वाढत गेलं (समजा ४ चे ७ मिमी) किंवा हातापायांत काही नवीन आलं, तर कॉलर "अजून महिनाभर" वाढवणं हे उत्तर नाही. फ्युजनची चर्चा पुन्हा उघडा, वाढलेला धोका समोर ठेवून.

आजोबांच्या हनुवटीखाली तिसऱ्या आठवड्यात लाली आली, पॅड बदलून भागलं. १२ आठवड्यांच्या सीटीत फट दिसत होती, हाडाचा पूल नव्हता. मग डॉक्टरांसमोर, पेशंटने स्वतः जमेल तेवढीच मान पुढेमागे करून एक्स-रे काढले. दुसऱ्याने मान वाकवायची नाही. तुकडा १ मिमीपेक्षा कमी हलला. दुखणं नाही.

मुलाने विचारलं, "म्हणजे डॉक्टर, बाबांचं हाड जुळलंच नाही?"

"हाडाने नाही जुळलं. पण मधे घट्ट ऊती धरलीय आणि तुकडा हलत नाही. त्यांच्या वयाला आणि हृदयाला हे चालेल. कॉलर आता हळूहळू काढू."

दोन आठवड्यांत कॉलर सुटली. सहा महिन्यांनी आणि वर्षाने पुन्हा तेच एक्स-रे. घरच्यांना कागदावर लिहून दिलं ते असं : शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळू लागली, चालताना चप्पल पायातून निसटू लागली, किंवा लघवीवरचा ताबा सैल झाला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी घेऊन या.